गृहकर्ज आहे म्हणून जुनी करप्रणाली? आधी हा हिशेब मांडा

माझा मावसभाऊ मुंबईत नोकरीला आहे. मुलुंडला भाड्याने राहतो आणि नाशिकला त्याने कर्ज काढून फ्लॅट घेतलाय, तिथे मावशी-काका राहतात. माझ्या जुन्या ऑफिसातला एक सहकारी पुण्यात कर्जाच्याच, पण स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. योगायोग असा की दोघांचा पगार सारखा, वर्षाला साडेसोळा लाख, आणि कर्जही साधारण तेवढंच. दोघांनीही एप्रिलमध्ये कंपनीला ‘जुनी करप्रणाली’ असं कळवलं. कारण विचारलं तर दोघांचं उत्तर एकच: "गृहकर्ज आहे ना!"

मावसभावाचं बरोबर निघालं. पुण्याच्या मित्राचा मात्र नवीन प्रणालीच्या मानाने साडेपासष्ट हजार रुपये जास्त टीडीएस कापला गेला. रिटर्नमध्ये तो परत मागता येतो, पण वर्षभर ते पैसे सरकारकडे बिनव्याजी पडून राहिले. पगार तोच, कर्ज तेच, मग फरक कुठे पडला? ते नीट समजलं तर तुमचा निर्णय तुम्हाला अर्ध्या तासात घेता येईल.

खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे ज्याचं रिटर्न जुलै २०२६ पर्यंत भरायचं ते वर्ष. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, पण या वर्षाचं रिटर्न १९६१ च्या कायद्याप्रमाणेच भरायचंय. म्हणून इथे ८० सी, २४ बी हीच ओळखीची नावं वापरतो. आणि हे सगळं साठीच्या आतल्या पगारदारासाठी आहे.

आधी कागद गोळा करा

तीन कागद पुरेत: पगाराचं वार्षिक विवरण (त्यात मूळ वेतन आणि घरभाडे भत्ता वेगवेगळे दिसले पाहिजेत), बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र आणि भाड्याने राहत असाल तर भाडेकरार.

व्याजाच्या प्रमाणपत्राबद्दल एक सांगतो. बँक वर्षाच्या मध्ये जे देते ते तात्पुरतं असतं, ‘प्रोव्हिजनल’. त्यात पुढच्या महिन्यांचं व्याज अंदाजाने धरलेलं असतं. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला, त्यामुळे फ्लोटिंग दराच्या कर्जात वर्षअखेरचं खरं व्याज अंदाजापेक्षा कमी भरलंय. कंपनीला तात्पुरतं चालतं, रिटर्नला ३१ मार्चनंतरचं अंतिम प्रमाणपत्रच घ्या.

कर्जाचा हप्ता एक असला तरी आयकराच्या नजरेत त्याचे दोन तुकडे असतात. समजा ४५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता ३९ हजारांच्या थोडा वर. पहिल्या वर्षात तुम्ही भरता साधारण ४ लाख ६८ हजार. त्यातलं ३ लाख ७९ हजार निव्वळ व्याज आणि मुद्दल फेडलं जातं फक्त ८९-९० हजार. जुन्या प्रणालीत व्याज २४ बी खाली जातं, आणि राहत्या घरासाठी तिथे दोन लाखांची मर्यादा आहे. वरचे १ लाख ७९ हजार करासाठी शून्य. मुद्दल जातं ८० सी मध्ये, जिथे पीएफ, विमा, मुलांची फी अशी गर्दी आधीच असते.

हे जरा थांबून बघा. पावणेपाच लाख भरलेत म्हणून पावणेपाच लाखांची सूट मिळेल, असं आपल्या मनात कुठेतरी असतं. प्रत्यक्षात पुण्याच्या मित्राचं मूळ वेतन ६ लाख ६० हजार, त्यावर त्याचा पीएफ ७९,२००. मुद्दल मिळवलं की १ लाख ६८ हजार होतात, आणि ८० सी ची मर्यादा दीड लाख. म्हणजे गृहकर्ज नसतं तरी पीएफ आणि थोडी गुंतवणूक करून त्याने दीड लाख भरलेच असते. कर्जामुळे खरी वाढीव वजावट मिळाली ती दोन लाखांचीच.

नवीन प्रणालीत काय राहतं

नवीन प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला काहीही वजावट नाही. ८० सी नाही, ८० डी नाही, घरभाडे भत्त्याची सूट नाही, व्यवसाय कराचे अडीच हजारही नाहीत. मिळते ती ७५ हजारांची प्रमाणित वजावट (जुन्यात ती ५० हजार आहे). मात्र कराचे टप्पे खूप सैल आहेत. पहिले चार लाख करमुक्त, मग दर चार लाखांना दर चढतो: ५, १०, १५, २०, २५ टक्के, आणि २४ लाखांवर ३०. जुन्यात अडीच लाखांपर्यंत काही नाही, पाच लाखांपर्यंत ५ टक्के, दहापर्यंत २० आणि दहा लाखांनंतर थेट ३० टक्के.

शिवाय नवीन प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे कर शून्य होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत. तुमचा एकूण पगार याच्या आत असेल तर पुढचा हिशेब करायची गरज नाही, नवीनच घ्या. एक अपवाद लक्षात असू द्या: शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर जो विशेष दराने कर लागतो, त्याला हा रिबेट मिळत नाही.

पुण्याच्या मित्राचा हिशेब

जुन्या प्रणालीत त्याच्या वजावटी अशा: प्रमाणित ५०,०००, व्यवसाय कर २,५००, घराचं व्याज २,००,०००, ८० सी १,५०,०००, आरोग्य विम्याचा हप्ता २५,०००. बेरीज ४,२७,५००. साडेसोळा लाखांतून हे वजा केले की १२,२२,५०० उरतात. त्यावर कर १,७९,२५० आणि चार टक्के उपकर मिळून १,८६,४२०.

नवीनमध्ये फक्त ७५ हजार वजा, करपात्र १५,७५,०००. कर १,१६,२५०, उपकरासह १,२०,९००.

फरक ६५,५२० रुपयांचा, नवीनच्या बाजूने. कंपनीकडून घरभाडे भत्ता त्यालाही मिळतो, पण तो स्वतःच्या घरात राहतो, भाडं भरत नाही. त्यामुळे तो भत्ता पूर्ण करपात्र.

मग मला प्रश्न पडला, त्याने आणखी काय केलं असतं तर जुनी परवडली असती? ८० सी भरलेलंच आहे. एनपीएसमध्ये स्वतःचे पन्नास हजार टाकले असते, ज्येष्ठ आई-वडिलांच्या विम्याचे आणखी पन्नास हजार भरले असते, तर नेहमीच्या सगळ्या वजावटी पूर्ण भरून बेरीज होते ५,२७,५००. त्याच्या पगाराला बरोबरी साधायला लागतात ६,३७,५००. म्हणजे लाखभर कमीच पडतात.

मग हेच वेगवेगळ्या पगारांना लावून बघितलं. खाली दिलाय तो बरोबरीचा आकडा. जुन्या प्रणालीतल्या तुमच्या सगळ्या वजावटींची बेरीज (प्रमाणित ५० हजार आणि व्यवसाय करासकट) याच्या वर गेली तर जुनी फायद्याची, खाली राहिली तर नवीन.

| वार्षिक पगार | बरोबरीची वजावट |
|---|---|
| १४ लाख | ५.६९ लाख |
| १५ लाख | ५.९४ लाख |
| १६.५ लाख | ६.३८ लाख |
| १८ लाख | ६.९२ लाख |
| २० लाख | ७.५८ लाख |
| २४.७५ लाख व पुढे | ८.५० लाख |

सगळ्यात कमी आकडा येतो तो १३ लाख ४५ हजारांच्या आसपासच्या पगाराला, आणि तोही सुमारे ५ लाख ५५ हजार आहे. त्याच्या खाली पगार गेला की रिबेटमुळे नवीन प्रणाली पुन्हा पुढे पळते. म्हणजे ५,२७,५०० ही नेहमीच्या वजावटींची कमाल कुठल्याच पगाराला पुरत नाही. सरळ भाषेत: एकच घर आहे, त्यात तुम्ही स्वतः राहता आणि घरभाडे भत्त्याची सूट मिळत नाही, तर कर्ज कितीही मोठं असो, नवीन प्रणालीच घ्या. ज्यांच्याकडे शैक्षणिक कर्जाचं मोठं व्याज आहे, घरात दिव्यांग व्यक्ती आहे, किंवा ज्यांना ८० ईईए लागू होतं त्यांनी मात्र बेरीज करून बघावी. हे ८० ईईए म्हणजे पहिल्या घराच्या व्याजावर दीड लाखांची जादा वजावट. त्यासाठी कर्ज एप्रिल २०१९ ते मार्च २०२२ दरम्यान मंजूर झालेलं आणि घराचं मुद्रांक मूल्य ४५ लाखांच्या आत असावं लागतं.

मावसभावाचं पारडं का फिरलं

त्याच्या सगळ्या वजावटी मित्रासारख्याच, ४,२७,५००. जास्तीची एकच गोष्ट: तो महिना २८ हजार भाडं भरतो.

घरभाडे भत्त्याची सूट तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याइतकी मिळते. प्रत्यक्ष मिळालेला भत्ता ३,३०,०००. मूळ वेतनाच्या (महागाई भत्ता निवृत्तीच्या लाभांत धरला जात असेल तर त्यासह) ५० टक्के, म्हणजे तेही ३,३०,०००. आणि भरलेल्या भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा करून उरतं ते: ३,३६,००० वजा ६६,००० म्हणजे २,७०,०००. सूट २,७०,०००.

वजावटींची बेरीज झाली ६,९७,५००. करपात्र ९,५२,५००. म्हणजे ३० टक्क्यांचा टप्पा त्याला शिवलाच नाही. कर उपकरासह १,०७,१२०, नवीनमधल्या १,२०,९०० पेक्षा १३,७८० कमी.

इथे एक बारकावा आहे जो आमच्याकडे हमखास चुकतो. ५० टक्क्यांचा नियम या वर्षासाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चारच शहरांना आहे, आणि बघायचं असतं ते भाड्याचं घर कुठे आहे. ऑफिस कुठे आहे याचा संबंध नाही. मुलुंड मुंबईत येतं. चेकनाका ओलांडून ठाण्यात गेलात की ४० टक्के. मावसभाऊ ठाण्यात राहिला असता तर त्याचा ४० टक्क्यांचा आकडा २,६४,००० झाला असता आणि सूट सहा हजारांनी घटली असती. पुणेकरांनाही ४० टक्केच.

"स्वतःचं घर असताना भाड्याची सूट आणि व्याजाची वजावट दोन्ही कशी मिळेल?" असं त्याला ऑफिसात कुणीतरी दटावलं होतं. मिळते. तुम्ही राहता ते भाड्याचं घर तुमच्या मालकीचं नसलं आणि भाडं खरोखर भरलं की झालं. नाशिकच्या घरात तो स्वतः राहत नसला तरी ते भाड्याने दिलेलं नाही, म्हणून करासाठी ते राहतं घरच धरलं जातं. अशी दोन घरं धरता येतात. स्वतःचा फ्लॅट आणि भाड्याची जागा एकाच शहरात असेल तरी कायद्याची आडकाठी नाही, पण चौकशी झाली तर कारण पटणारं हवं आणि भाडं बँकेतून गेलेलं दिसायला हवं. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. हे मालकाशी करार करतानाच बोलून घ्या, जानेवारीत मागायला गेलात की तोंडं वाकडी होतात.

हा फायदा किती नाजूक आहे

मावसभावाच्या वजावटी बरोबरीच्या आकड्यापेक्षा ६० हजारांनी जास्त आहेत. महिन्याला पाच हजार. भाडं २८ ऐवजी २३ हजार असतं तर दोन्ही प्रणालींचा कर अगदी सारखा आला असता.

आता समजा पुढच्या वर्षी पगार १८ लाख झाला, मूळ वेतन ७ लाख २० हजार, भाडं तेच, आणि टप्पे व दरही तसेच. दहा टक्के आता ७२ हजार, म्हणून घरभाड्याची सूट २,६४,००० वर येते. वजावटींची बेरीज ६,९१,५००. १८ लाखांना बरोबरीचा आकडा ६,९१,६६७. म्हणजे नवीन प्रणाली ५२ रुपयांनी स्वस्त! एका पगारवाढीने जुनीचा सगळा फायदा पुसला. त्याला मी सांगितलंय की दर एप्रिलला आणि पुन्हा पगार बदलेल तेव्हा कागद काढून बसायचं. गेल्या वर्षी जुनी घेतली होती हे कारण होऊ शकत नाही.

घर भाड्याने दिलं असेल तर

इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. भाड्याने दिलेल्या घराचं व्याज नवीन प्रणालीतही वजा होतं, पण फक्त त्या भाड्यातून.

महिना १८ हजारांनी फ्लॅट दिलाय असं धरू. वर्षाचे २,१६,०००. त्यातून भरलेला घरपट्टीचा आकडा, समजा ६ हजार, वजा. उरलेल्या २,१०,००० वर ३० टक्के सरसकट वजावट, ६३,०००. राहिले १,४७,०००. व्याज ३,७९,०००, म्हणजे तोटा २,३२,०००. जुन्या प्रणालीत यातले दोन लाख पगारातून वजा होतात आणि ३२ हजार पुढच्या आठ वर्षांत घराच्या उत्पन्नातून वळते करता येतात. नवीनमध्ये भाडं करमुक्त झालं एवढंच, तोटा पगाराला लावता येत नाही. तेव्हा जुनीत दोन लाख जास्तीचे, नवीनमध्ये शून्य. अगदी राहत्या घरासारखंच झालं, आणि वरचा तक्ता जसाच्या तसा लागू.

कर्ज जुनं झालं की चित्र पालटतं. व्याज वर्षाला १ लाख २० हजारांवर आलं तर दोन्ही प्रणालींत भाड्याचे २७ हजारच करपात्र उरतात. तोटाच नाही, मग जुनीत जास्तीचं काही मिळत नाही. अशा वेळी बेरीज करताना गृहकर्जाचा आकडा शून्य धरा.

बांधकाम चालू असेल, किंवा नवरा-बायकोचं कर्ज असेल

ताबा मिळेपर्यंत व्याजाची वजावट नसते. आधीच्या वर्षांत भरलेलं व्याज घर पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान भागांत मिळतं, पण तेही त्याच दोन लाखांच्या आत. चालू व्याजच दोन लाखांच्या वर असेल तर ते पाच भाग कागदावरच राहतात. कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही तर राहत्या घराची मर्यादा दोन लाखांवरून थेट तीस हजार होते. रखडलेल्या प्रकल्पांत पैसे अडकलेल्यांनी हे आधी तपासा.

जोडकर्जात दोघंही मालक आणि दोघंही कर्जदार असतील तर प्रत्येकाला दोन-दोन लाखांची मर्यादा मिळते, आणि प्रत्येकाने आपली प्रणाली वेगळी निवडावी. पत्नीचा पगार ११ लाख असेल तर नवीनमध्ये तिचा कर शून्यच आहे. तिच्या वाट्याचं व्याज वाया गेलं म्हणून हळहळू नका. "मग तिचा वाटा मीच दाखवतो" असं मात्र करता येत नाही, व्याज आपापल्या हिश्श्यानेच दाखवायचं असतं.

कळवायचं कुठे आणि केव्हा

कंपनीला काहीच कळवलं नाही तर नवीन प्रणाली धरून टीडीएस कापला जातो. जुनी हवी असेल तर एप्रिलमध्ये तसं सांगायचं, आणि डिसेंबर-जानेवारीत फॉर्म १२ बीबीसोबत पुरावे द्यायचे. पण हे फक्त टीडीएसपुरतं आहे. खरी निवड रिटर्नमध्ये होते, आणि पगारदाराला (व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर) ती दरवर्षी बदलता येते. कंपनीला जुनी सांगून रिटर्नमध्ये नवीन घेता येते, उलटही चालतं. माझ्या पुण्याच्या मित्राने तेच करायचं ठरवलंय.

रिटर्नमध्ये सुरुवातीलाच ‘Opting out of new tax regime’ असे शब्द असलेला प्रश्न येतो. जुनी हवी असेल तर तिथे Yes. घाईत लोक ‘नवीन हवी’ या अर्थाने Yes दाबतात, आणि मग कर अचानक वाढलेला दिसतो. तसं दिसलं तर आधी हेच उत्तर तपासा. जुनी घेताना व्याजाच्या वजावटीसाठी कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज आणि ३१ मार्चची शिल्लक असा तपशील भरावा लागतो, म्हणून बँकेचं अंतिम प्रमाणपत्र आणि कर्जाचं खातेविवरण समोर ठेवा. ८० सी आणि विम्याचे दस्तऐवज क्रमांकही लागतात.

आणि जुनी घेणाऱ्यांनी तारीख चुकवायची नाही. मुदतीनंतर भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडताच येत नाही. मावसभावाने यंदा ती चुकवली तर त्याचे १३,७८० रुपये जातील, वर विलंब शुल्क पाच हजार. त्याला मी जुलैच्या पहिल्या रविवारी कागद घेऊन घरी बोलावलंय.